उसाचं बिल आणि कॅनडाचा व्हिसा

मुलगी कॅनडात, आई-वडील वाळवा तालुक्यात. दोन-तीन महिने राहून यावं म्हणून दोघं पर्यटक व्हिसासाठी अर्ज करतात, खात्यावर नऊ लाखांच्या वर शिल्लक दाखवतात आणि तरीही नकार येतो. पत्रात कारण असतं की तुमची मालमत्ता आणि आर्थिक स्थिती या प्रवासासाठी पुरेशी वाटत नाही, आणि मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटलेली नाही. मग घरात एकच चर्चा सुरू होते: नऊ लाख कमी पडतात, तर यांना लागतात तरी किती?

या प्रश्नाला उत्तर नाही. विद्यार्थ्यांसाठी कॅनडाने किमान रकमेचा आकडा ठरवला आहे, आई-वडिलांच्या ‘सुपर व्हिसा’साठी तिथल्या मुलाच्या किंवा मुलीच्या उत्पन्नाची अट आहे, पण साध्या पर्यटक व्हिसाला असा आकडाच नाही. अधिकारी शिल्लक बघतो, पण त्याच्याही आधी ती शिल्लक कशी जमली ते बघतो. त्यामुळे नकारानंतर खात्यात आणखी पाच लाख भरून नवं स्टेटमेंट पाठवणं हा बहुतेकांना सुचणारा उपाय सगळ्यात निकामी ठरतो.

आपण नमुन्यादाखल एक जोडपं घेऊ. वडील माध्यमिक शाळेतून निवृत्त शिक्षक, निवृत्तिवेतन महिना ४१,००० रुपये. आई घर आणि शेती बघते. एक हेक्टर ऊस आहे. अर्ज मार्चमध्ये केला, त्याला सप्टेंबर ते फेब्रुवारी असं सहा महिन्यांचं राष्ट्रीयीकृत बँकेचं स्टेटमेंट जोडलं. डिसेंबरअखेर खात्यात जेमतेम १,६०,००० रुपये दिसतात. जानेवारीच्या शेवटी १,७५,२०० रुपये येतात आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ६,१२,००० रुपयांचा चेक जमा होतो. शिल्लक नऊ लाखांच्या पुढे जाते आणि पुढच्याच महिन्यात व्हिसाचा अर्ज.

सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही यात काही वावगं वाटणार नाही. जानेवारीतली रक्कम कारखान्याच्या उसाच्या बिलाची आहे, फेब्रुवारीतली पतसंस्थेतल्या मुदत ठेवीची. परंतु ओटावात किंवा दिल्लीत बसून फाइल उघडणाऱ्या माणसाला दिसतं ते एवढंच, की महिना ४१,००० येणाऱ्या खात्यात अर्जाच्या तोंडावर पावणेआठ लाख आले आणि कुठून आले ते कुणीच सांगितलेलं नाही. भाड्याने पैसे आणून स्टेटमेंट फुगवणाऱ्यांची खातीही अगदी अशीच दिसतात.

अधिकाऱ्याच्या मनात नेमकं काय आलं हे पूर्वी कळत नसे. नकाराचं पत्र म्हणजे ठरावीक वाक्यांच्या यादीतली दोन-तीन वाक्यं. खरी नोंद असायची ‘जीसीएमएस’ नावाच्या संगणक प्रणालीत, आणि ती मिळवायला कॅनडातल्या नातेवाइकाने संमतिपत्र घेऊन, पाच डॉलर भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. ती वाट आजही खुली आहे. मात्र जुलै २०२५ पासून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, पर्यटक, विद्यार्थी आणि कामाच्या परवान्यांच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याची टिपणी जोडायला सुरुवात केली. पत्र लिहिण्याआधी ही टिपणी हातात हवीच. तिच्यात ‘निधी अपुरा’ असं असेल तर एक उत्तर, ‘मोठ्या जमा रकमांचा उगम स्पष्ट नाही’ असं असेल तर दुसरं. आपल्या जोडप्याच्या टिपणीत दुसरं वाक्य आहे.

आता फेरविचार ही काय चीज आहे ते समजून घेऊ, कारण याबद्दल एजंट मंडळी वाटेल ते सांगतात. कॅनडाच्या पर्यटक व्हिसाच्या नकारावर अपील नाही. फेरविचाराची विनंती करायला कुठलाही छापील फॉर्म नाही, शुल्क नाही आणि उत्तराची मुदतही नाही. मुळात तो हक्कच नाही. व्हिसा अधिकाऱ्याने एकदा निर्णय दिला की त्याचं काम संपलं, ती फाइल त्याला पुन्हा उघडता येत नाही, असा युक्तिवाद पूर्वी होत असे. तिथल्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २०१० साली सांगितलं की अशी सरसकट बंदी नाही. अधिकारी फाइल पुन्हा उघडू शकतो, पण उघडलीच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. सगळी परिस्थिती बघून त्याने ते ठरवायचं. म्हणजे आपलं पत्र वाचणाऱ्याकडे नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असते, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे एक सोपं वाक्य तयार असतं: नवी कागदपत्रं असतील तर नवा अर्ज करा.

पत्राचं सगळं कसब हे वाक्य टाळण्यात आहे. त्यासाठी एक भेद नीट कळायला हवा. कागद नवा असणं वेगळं आणि वस्तुस्थिती नवी असणं वेगळं. नकारानंतर मामाने दहा लाख पाठवले, प्लॉट विकला, मुलीचा पगार वाढला, या सगळ्या नव्या घटना आहेत. अर्ज तपासला त्या दिवशी त्या घडलेल्याच नव्हत्या, तेव्हा त्यावरून आधीचा निर्णय चुकला असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांच्यासाठी नवा अर्जच करायचा. पतसंस्थेची ठेव मात्र पाच वर्षांपूर्वीची आहे. ऊस जानेवारीत तुटला. दोन्ही गोष्टी अर्जाच्या दिवशी खऱ्याच होत्या, फक्त त्यांचा कागद फाइलमध्ये नव्हता. फेरविचाराच्या पत्राला वाव आहे तो इथे.

त्यातही मूळ फाइलमध्ये या रकमांकडे बोट दाखवणारं काही आधीपासून असेल तर पत्राचं वजन खूप वाढतं. आपल्या जोडप्याच्या बाबतीत ते आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असलं तरी ते पाच हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो आणि त्यात करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात शेतीचा आकडा दाखवावा लागतो. वडिलांनी तो दर वर्षी दाखवला आहे, गेल्या वर्षी २,४०,०००. ते विवरणपत्र मूळ अर्जाला जोडलेलंही होतं. अधिकाऱ्याने ‘एकूण करपात्र उत्पन्न’ ही ओळ बघितली आणि परिशिष्टाकडे गेलाच नाही, असं म्हणायला इथे जागा आहे. कर लागत नाही म्हणून शेतीचं उत्पन्न विवरणपत्रात न दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांची इथे अडचण होते. उसाचं बिल एक सांगतं आणि आयटीआर दुसरंच. अशा वेळी विवरणपत्राबद्दल सारवासारव करण्यापेक्षा मागच्या दोन-तीन हंगामांत कारखान्याकडून खात्यावर आलेल्या रकमा दाखवाव्यात. उत्पन्न दर वर्षी येतं हे त्यातून तरी दिसतं.

कागद जमवताना प्रत्येक रकमेची साखळी पूर्ण करायची, एवढं एकच सूत्र ठेवावं. उसाचं बघा. एक हेक्टरात ९२ टन ऊस निघाला, टनाला ३,१०० रुपये दर, म्हणजे बिल झालं २,८५,२०० रुपयांचं. खात्यावर आले १,७५,२००. मधले १,१०,००० गेले कुठे? विकास सोसायटीच्या पीककर्जाची वसुली कारखान्याने बिलातूनच कापली. उरलेली रक्कम आधी जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या खात्यावर पडली आणि तिथून वडिलांनी राष्ट्रीयीकृत बँकेत वळती केली. त्यामुळे अर्जाला जोडलेल्या स्टेटमेंटवर कारखान्याचं नावच नाही, नुसतं ‘ट्रान्सफर’ दिसतं. इथे फक्त उसाचं बिल जोडलं तर बिलावरचा आकडा आणि खात्यातला आकडा जुळत नाही आणि शंका आणखी वाढते. बिल, त्यावरची वसुलीची नोंद, सोसायटीचा कर्जखात्याचा उतारा, जिल्हा बँकेच्या खात्यावरची जमा आणि त्याच रकमेची दुसऱ्या बँकेतली जमा, असे पाच कागद एकामागे एक लावले की अनोळखी माणसालाही पैशाची वाट दिसते.

ठेवीची साखळी छोटी आहे: पाच लाखांची पावती, तिच्यावरची मूळ तारीख, मुदत संपल्यावर व्याजासह ६,१२,००० दिल्याचं पतसंस्थेचं पत्र आणि चेकचा नंबर. मात्र त्या पाठोपाठ पुढचा प्रश्न येतोच, की ते पाच लाख तरी कुठले? निवृत्तीच्या वेळच्या ग्रॅच्युइटीतून ठेव केली असेल तर ग्रॅच्युइटीच्या आदेशाची प्रत जोडून विषय तिथेच संपवावा.

सातबाऱ्याचं काय? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो आणि लोक तो हौसेने जोडतात. पण मराठीतला सातबारा तसाच पाठवला तर त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो कोरा कागद. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर हवं, आणि प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्रही. घरातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. मुलीला दोन्ही भाषा उत्तम येत असल्या तरी तिने हे काम अंगावर घेऊ नये. उसाचं बिल, सोसायटीचा उतारा, पतसंस्थेची पावती हे सगळंच बहुधा मराठीत असतं, तेव्हा भाषांतराचा वेळ आणि खर्च आधीच धरावा. सनदी लेखापालाचं मालमत्तेचं प्रमाणपत्र आणि जमिनीचा मूल्यांकन अहवाल यांच्या मागे मात्र मी लागणार नाही. जमीन एक कोटीची आहे म्हणून विमानाचं तिकीट निघत नाही, आणि आपल्या जोडप्याच्या टिपणीत तर जमिनीबद्दल शब्दही नाही.

पत्र इंग्रजीत आणि पानभराचंच असावं. त्याचा मराठी अर्थ साधारण असा होईल:

“विषय: तात्पुरत्या निवासाच्या व्हिसाच्या नकाराचा फेरविचार. अर्ज क्रमांक (पतीचा) आणि (पत्नीचा), दोघांचे यूसीआय क्रमांक, जन्मतारखा.

आमचे अर्ज आपल्या कार्यालयाने १५ एप्रिल रोजी नाकारले. अधिकाऱ्यांच्या टिपणीत जानेवारी आणि फेब्रुवारीतील दोन मोठ्या जमा रकमांचा उगम स्पष्ट नसल्याचे म्हटले आहे. विनंती तेवढ्याच मुद्द्यापुरती आहे.

दोन्ही रकमा अर्जाच्या तारखेपूर्वीच्या आहेत. २९ जानेवारीचे १,७५,२०० रुपये हे ऊसविक्रीचे उत्पन्न आहे. बिल २,८५,२०० रुपयांचे असून पीककर्जाचे १,१०,००० रुपये साखर कारखान्याने परस्पर कापून घेतले (कागद १ ते ५). हे उत्पन्न दर वर्षी मिळते. मूळ अर्जासोबतच्या आयकर विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात मागील वर्षाचे २,४०,००० रुपये नोंदलेले आहेत. १४ फेब्रुवारीचे ६,१२,००० रुपये ही पाच वर्षांपूर्वी निवृत्तीच्या ग्रॅच्युइटीतून केलेली व आता मुदत पूर्ण झालेली ठेव आहे (कागद ६ ते ८). यापैकी कोणतीही रक्कम उसनी घेतलेली नाही.

मूळ अर्जात हा खुलासा स्वतंत्रपणे केलेला नव्हता. त्या तारखेची आमची परिस्थिती हे कागद स्पष्ट करतात. त्यात नंतरची कोणतीही घटना नाही. यांच्या प्रकाशात निर्णय पुन्हा तपासावा आणि काही शंका राहिल्यास आम्हाला खुलाशाची संधी द्यावी, ही विनंती.”

यात काय नाही ते बघण्यासारखं आहे. मुलीची आठवण येते, नातवाचं बारसं हुकलं, आम्ही प्रतिष्ठित कुटुंबातले आहोत, भारताचे आणि कॅनडाचे संबंध जुने आहेत, यातलं एकही वाक्य नाही. ती वाक्यं खोटी नसतात, पण टिपणीतल्या शंकेला त्यांनी उत्तर मिळत नाही आणि मुद्दा दुसऱ्या पानावर ढकलला जातो. दोघांचे अर्ज वेगळे असतात आणि क्रमांकही वेगळे, हे लोक हमखास विसरतात. पत्र एकाच क्रमांकावर गेलं तर दुसरी फाइल तशीच बंद राहते. खुलासा दिला नव्हता हे मान्य करावं का, यावर वकिलांमध्ये दोन मतं सापडतील. माझ्या मते करावं. पुरावा देण्याची जबाबदारी कॅनडाच्या कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे, आणि कागद कमी आहे म्हणून तो मागून घेणं हे अधिकाऱ्याचं काम नाही. तुम्ही विचारायला हवं होतं, असा सूर लावून हाती काही लागत नाही. मात्र अधिकाऱ्याने कागद खोटा असल्याचा संशय धरला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा न विचारता नाकारणं अन्यायाचं ठरू शकतं आणि पत्रात ते ठणकावून लिहायला हरकत नाही.

टिपणीत पैशाखेरीज दुसरं कारण असेल तर त्यालाही उत्तर हवं. पैशाची शंका फिटली आणि ‘परत येण्याची खात्री नाही’ ही तशीच राहिली, तर निर्णय फिरणार नाही. पण उसाच्या साखळीचा उपयोग इथेही होतो. ज्याचा ऊस दर हंगामात तुटतो, ज्याच्या नावावर सोसायटीचं खातं फिरतं, ज्याचं निवृत्तिवेतन इथेच जमा होतं, त्याचं परत येण्याचं कारण त्याच कागदांत असतं. दोन ओळी तेवढ्यासाठी खर्चाव्यात.

पत्र आयआरसीसीच्या संकेतस्थळावरच्या वेब फॉर्ममधून जातं. सगळे कागद जोडून, क्रमांक घालून, पहिल्या पानावर यादी देऊन पीडीएफ करावी. फाइलच्या आकाराला मर्यादा आहे, म्हणून मोबाइलवर काढलेले जड फोटो टाकू नयेत. पोच लगेच येते, उत्तराला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात, आणि बऱ्याचदा ते दोन ओळींचं छापील ‘नाही’ असतं.

या वाट बघण्यात एक खड्डा आहे. नकाराला फेडरल कोर्टात आव्हान देण्याची मुदत, निर्णय कॅनडाबाहेर झाला असेल तर, तो कळल्यापासून ६० दिवसांची असते. फेरविचाराची विनंती केली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. फेरविचाराला नकार मिळाला तर त्या नकाराला वेगळं आव्हान देता येतं, पण मूळ निर्णयाची मुदत तोवर गेलेली असते. तसंही कोर्ट साधारणपणे अधिकाऱ्यासमोर जे कागद होते तेवढेच बघतं. नव्याने जमवलेल्या साखळीचा तिथे फारसा उपयोग नाही, आणि पर्यटक व्हिसासाठी वकिलाचा खर्च क्वचितच परवडतो. ज्यांच्या मूळ फाइलमध्ये सगळं होतं आणि तरी डोळेझाक झाली, त्यांनीच हा विचार करावा, आणि तोही साठ दिवसांच्या आत.

नकारानंतर काही एजंट ‘फंड दाखवण्याची’ सोय करून देतात: काही दिवसांसाठी खात्यात रक्कम, नाहीतर न केलेल्या ठेवीचं प्रमाणपत्र. नकार फक्त त्या एका अर्जापुरता असतो. खोटा कागद पकडला गेला तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद होतं. बँकेला पत्र पाठवून पडताळणी करणं अधिकाऱ्यांना नवं नाही.

फेरविचाराला ‘नाही’ आलं तर जमवलेली साखळी वाया जात नाही. तीच नव्या अर्जाला जोडायची. माणशी १०० डॉलर पुन्हा भरावे लागतात, पण बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, त्यांचे ८५ डॉलर वाचतात. पूर्वी व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं आणि जुना अर्ज क्रमांकही द्यायचा. ते लपवणं हेच कलम ४० मध्ये बसतं. नव्या अर्जाची वेळ मात्र निवडून घ्यावी. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला तर सहा महिन्यांचं स्टेटमेंट एप्रिलपासून सुरू होतं. त्यात पहिल्या दिवसापासून नऊ लाख दिसतात, महिन्याला निवृत्तिवेतन येतं, घरखर्च जातो आणि एकही मोठी उडी नसते. उसाचं बिल सोबत जोडायचंच, कारण पुढचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होणार असतो आणि तोडीच्या वेळी घरी कोण असणार, हा प्रश्न नव्या टिपणीत येण्याआधी आपणच पत्रात उत्तरलेला बरा.